करंट सोर्स शॉर्ट करायचा नसतो

पदविकेच्या दुसऱ्या वर्षातल्या एका विद्यार्थ्याने थेव्हेनिनचं गणित सोडवून शिकवणीच्या मॅडमना दाखवलं. थेव्हेनिन रेझिस्टन्स त्याने 4 ओहम काढला होता, पुस्तकातलं उत्तर होतं 6. त्याने तीनदा आकडेमोड तपासली, ती बरोबरच होती. चूक आकडेमोडीच्या आधी, आकृती पुन्हा काढताना झाली होती. "सगळे सोर्स शॉर्ट करा" हे वाक्य त्याच्या वहीत ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं आणि त्याने ते जसंच्या तसं पाळलं होतं.

सर्किट साधं होतं, वाचकांनीही ते कागदावर काढून पाहावं. एका बाजूला 12 व्होल्टची बॅटरी. तिच्या धन टोकाला 6 ओहमचा रेझिस्टर, तो पुढे 'क' या बिंदूला जातो. 'क'पासून खालच्या समाईक तारेपर्यंत 3 ओहमचा रेझिस्टर. याच दोन जागांमध्ये 2 अँपिअरचा करंट सोर्स, त्याचा बाण वर 'क'कडे. 'क'पासून पुढे 4 ओहमचा रेझिस्टर आणि त्याच्या शेवटी 'अ' हे टोक. दुसरं टोक 'ब', ते खालच्या तारेवरच.

'अ' आणि 'ब'कडून पाहिलं, तर आतला हा सगळा पसारा एक बॅटरी आणि तिच्याशी एकसरीत जोडलेला एकच रेझिस्टर यांच्यासारखा वागतो, असं थेव्हेनिनचं प्रमेय सांगतं. त्यामुळे बाहेरचा लोड बदलला की दर वेळी अख्खं सर्किट नव्याने सोडवावं लागत नाही. तो एकच रेझिस्टर किती, एवढाच प्रश्न होता.

विद्यार्थ्याने बॅटरीच्या जागी तार काढली, ते योग्य होतं. मग करंट सोर्सच्या जागीही तार काढली. त्या तारेने 'क' बिंदू थेट खालच्या तारेला जोडला गेला. 6 आणि 3 ओहमचे दोन्ही रेझिस्टर निरुपयोगी झाले आणि हिशेबात फक्त 4 ओहम उरला.

मॅडमनी दिलेलं उत्तर टिपून ठेवण्यासारखं आहे. "तू सोर्स बंद करायला निघालास ना? मग आधी हे बघ, की तो सोर्स काय देतो. जे देतो, ते शून्य कर. व्होल्टेज सोर्स व्होल्टेज देतो. ते शून्य केलं, की ज्याच्या दोन टोकांत कधीच व्होल्टेज नसतं अशी वस्तू उरते, म्हणजे तार. करंट सोर्स करंट देतो. तो शून्य केला, की ज्यातून कधीच करंट जात नाही अशी वस्तू उरते, म्हणजे तुटलेली जागा. म्हणून व्होल्टेज सोर्स शॉर्ट आणि करंट सोर्स ओपन."

मग त्यांनी विचारलं, "करंट सोर्सला तू तार लावलीस, तेव्हा तो बंद झाला का?" नाही झाला. आदर्श करंट सोर्स शॉर्ट केला तरी त्याचे 2 अँपिअर चालूच राहतात, फक्त ते त्या तारेतून गोल फिरतात. म्हणजे विद्यार्थ्याने करंट शून्य केलाच नव्हता. त्याने शून्य केलं होतं ते 'क' बिंदूवरचं व्होल्टेज, आणि तसं करायला गणिताने कुठे सांगितलंच नव्हतं.

सोर्स बंद का करायचे, हे कळलं तर नियम पाठ करावा लागत नाही. 'अ-ब' टोकांतून थोडा जास्त करंट काढला, तर तिथलं व्होल्टेज किती घसरतं? व्होल्टेजमधला हा बदल भागिले करंटमधला बदल, हाच थेव्हेनिन रेझिस्टन्स. लक्ष द्यायचं ते फक्त बदलांकडे. बॅटरीचे 12 व्होल्ट कितीही करंट ओढला तरी 12च राहतात. तिथे व्होल्टेजचा बदल शून्य, म्हणून बदलांच्या दृष्टीने ती नुसती तार. करंट सोर्सचे 2 अँपिअर त्याच्या टोकांवरचं व्होल्टेज काहीही झालं तरी 2च राहतात. तिथे करंटचा बदल शून्य, म्हणून बदलांसाठी तो रस्ता बंद.

आता गणित नीट होतं. करंट सोर्स काढून ती जागा मोकळी ठेवली, की 6 आणि 3 ओहम समांतर येतात आणि त्यांचे 2 ओहम होतात. त्यात एकसरीतले 4 मिळवले, की 6 ओहम.

पण विद्यार्थ्याचं समाधान खरं झालं ते पडताळ्याने. टोकं मोकळी असताना 'क'वर 8 व्होल्ट येतात: बॅटरीकडून दोन तृतीयांश अँपिअर आणि सोर्सचे 2, असे मिळून तेवढेच 3 ओहममधून खाली जातात. टोकं मोकळी असल्याने 4 ओहममधून काहीच वाहत नाही, म्हणून 'अ-ब'वरही तेच 8 व्होल्ट. आता समजा, बाहेर 2 ओहमचा लोड लावला. 6 ओहम धरले, तर लोडमधून 8 भागिले 8, म्हणजे 1 अँपिअर जायला हवा. 4 ओहम धरले, तर 8 भागिले 6, म्हणजे 1.33. खरं काय, ते मूळ सर्किटच सांगतं. लोड लावल्यावर 'क'वर 6 व्होल्ट राहतात. बॅटरीकडून 1 अँपिअर येतो, करंट सोर्सकडून 2. त्यातले 2 अँपिअर 3 ओहममधून खाली जातात आणि 1 लोडकडे. तीन आले, तीन गेले. 4 ओहमच्या उत्तराने लोडचा करंट एक तृतीयांशाने फुगवला होता.

असाच पडताळा 'अ-ब' शॉर्ट करून तिथला करंट मोजूनही होतो. तो 1.33 अँपिअर येतो आणि 8 भागिले 1.33 म्हणजे पुन्हा 6. परीक्षेत दोन मिनिटं हाताशी असतील, तर ही रीत जरूर वापरावी, कारण तिच्यात एकही सोर्स बंद करावा लागत नाही आणि म्हणून ही चूक शिरायला जागाच उरत नाही.

चुकीचा नियम इतका का टिकतो, याचा एक धागा इतिहासात सापडतो. लेओं शार्ल थेव्हेनिन हे फ्रान्सच्या तार खात्यातले अभियंते. त्यांनी हे प्रमेय 1883 मध्ये मांडलं. त्याच्या तीस वर्षं आधी, 1853 मध्ये, हेल्महोल्ट्झ यांनीही ते मांडलं होतं. दोघांसमोर होती ती विद्युतगामक बलं, म्हणजे आजच्या भाषेत व्होल्टेज सोर्स. करंट सोर्सच्या रूपातलं जोड प्रमेय बेल लॅबोरेटरीजमधले एडवर्ड नॉर्टन आणि जर्मनीतले हान्स मायर यांनी 1926 मध्ये दिलं. आजही वर्गात पहिली उदाहरणं फक्त बॅटऱ्यांची असतात. तिथे "सगळे सोर्स शॉर्ट" चालून जातं आणि विद्यार्थी तेच पुढे नेतो. पहिल्याच तासाला फळ्यावर एक तरी करंट सोर्स काढला, तर ही गफलत पुष्कळ कमी होईल.

एक अपवाद मात्र ध्यानात ठेवावा. ज्या सोर्सची किंमत सर्किटमधल्याच दुसऱ्या एखाद्या व्होल्टेजवर किंवा करंटवर अवलंबून असते, त्याला हात लावायचा नाही. ट्रान्झिस्टरच्या मॉडेलमधला सोर्स असाच असतो. 'अ-ब'वर बदल केला की तोही बदलतो, म्हणून तो शॉर्टही नाही आणि ओपनही नाही. अशा सर्किटमध्ये बाकीचे स्वतंत्र सोर्स बंद करून टोकांना बाहेरून 1 अँपिअर द्यायचा आणि येणारं व्होल्टेज मोजायचं. जितके व्होल्ट, तितके ओहम.

आणि हे सगळं कागदापुरतं. प्रयोगशाळेत व्होल्टेज सोर्स शॉर्ट करायचा म्हणजे चालू पॉवर सप्लायच्या दोन टोकांना वायर लावायची नसते. आधी सप्लाय सर्किटमधून सोडवून बाजूला घ्यायचा, मग त्याच्या रिकाम्या जागी वायर जोडायची आणि त्यानंतरच 'अ-ब'वर मल्टिमीटर लावायचा. सप्लायचं नुसतं बटण बंद करून तो तसाच जोडलेला ठेवला, तर त्याच्या आतल्या घटकांमुळे मीटरवरचा आकडा चुकतो.