मिलिंदाचे नाव पडद्यावर जागा का बदलते? खरोष्ठी शब्द मराठी मजकुरात लिहिताना

भन्ते नागसेनांना प्रश्न विचारणारा राजा मिलिंद आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. इतिहासकार ज्याला मिनँडर म्हणतात तो हाच ग्रीक राजा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याची चांदीची नाणी आजही संग्रहालयांत पाहायला मिळतात. त्यांच्या एका बाजूला ग्रीक अक्षरे आहेत, ती डावीकडून उजवीकडे वाचायची. दुसऱ्या बाजूला खरोष्ठी आहे, ती उजवीकडून डावीकडे वाचायची. तिथे लिहिले आहे: महाराजस त्रतरस मेनंद्रस. म्हणजे 'महाराज, तारणहार मिनँडर याचे' नाणे. सम्राट अशोकाचे शाहबाजगढी आणि मानसेहरा येथील शिलालेखही याच खरोष्ठीत कोरलेले आहेत.

नाण्यावर दोन लिप्यांना दोन बाजू मिळाल्या, त्यामुळे भांडण नव्हते. आपण मात्र आज एकाच ओळीत मराठी आणि खरोष्ठी लिहितो आणि तिथे गोंधळ सुरू होतो. खरोष्ठीला संगणकाच्या युनिकोड या जागतिक अक्षरसंचात 2005 साली जागा मिळाली. तेव्हापासून हे शब्द चित्र म्हणून न चिकटवता अक्षरे म्हणून टाईप करता येतात. समजा एका लेखात ही ओळ लिहिली:

```
नाण्यावरचे शब्द: 𐨨𐨱𐨪𐨗𐨯, 𐨟𐨿𐨪𐨟𐨪𐨯, 𐨨𐨅𐨣𐨎𐨡𐨿𐨪𐨯 असे आहेत.
```

आणि पुढे खुलासा केला की यांचे अर्थ अनुक्रमे 'महाराजाचे', 'तारणहाराचे' आणि 'मिनँडरचे' असे आहेत. लेखकाने टाईप करताना पहिला शब्द महाराजस, दुसरा त्रतरस, तिसरा मेनंद्रस असाच क्रम ठेवला होता. फाईलमध्येही तोच क्रम साठवलेला आहे. पडद्यावर मात्र सर्वांत डावीकडे मेनंद्रस दिसतो आणि सर्वांत उजवीकडे महाराजस. मराठी वाचक डावीकडून वाचत जाणार. तो 'महाराजाचे' हा अर्थ मेनंद्रस या शब्दाला जोडणार आणि 'मिनँडरचे' हा अर्थ महाराजस या शब्दाला. मधला त्रतरस मधेच राहतो, म्हणून त्याचा अर्थ बरोबर जुळतो आणि संशय आणखी कमी होतो.

उर्दूच्या बाबतीत असे झाले तर उर्दू वाचणारा कोणीतरी लगेच सांगेल. खरोष्ठी वाचणारी माणसे फार थोडी. उद्या एखाद्या मंडळाने मिलिंद राजाचे नाव मूळ लिपीत हवे म्हणून या ओळीतला शेवटचा, म्हणजे उजवीकडचा, शब्द पाहून बॅनरवर उतरवला, तर बॅनरवर राजाच्या नावाऐवजी 'महाराजाचे' येईल आणि ते कोणाच्या लक्षातही येणार नाही.

हे का होते? युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला त्याची दिशा नेमून दिलेली असते. देवनागरी, ब्राह्मी, ग्रीक आणि इंग्रजी अक्षरे डावीकडून उजवीकडे जातात. खरोष्ठी, अरबी आणि हिब्रू उजवीकडून डावीकडे. स्वल्पविराम, मोकळी जागा, कंस यांना मात्र स्वतःची पक्की दिशा नाही. ते शेजारी पाहून ठरवतात. दोन्ही बाजूंना खरोष्ठी अक्षरे असतील तर मधला स्वल्पविरामही खरोष्ठीच्या बाजूने जातो. मग तीन शब्द आणि दोन स्वल्पविराम मिळून खरोष्ठीचा एकच सलग तुकडा आहे असे संगणक धरतो आणि तो अख्खा तुकडा उजवीकडून मांडतो. एका परीने तो चुकत नाही. नाण्यावरचे पूर्ण वाक्य उद्धृत केले असते तर हीच मांडणी योग्य होती. पण इथे ती तीन शब्दांची मराठी यादी आहे आणि स्वल्पविराम मराठी वाक्याचा आहे. हा फरक लेखकाला ठाऊक असतो, संगणकाला तो कुठेही सांगितलेला नसतो.

आकड्यांचे वागणे आणखी मजेशीर आहे. खरोष्ठी शब्दानंतर 'हा शब्द 3 नाण्यांवर' असे लिहिले तर काही बिघडत नाही, कारण मधे 'हा शब्द' ही मराठी अक्षरे आहेत. पण खरोष्ठी शब्दाला लागून लगेच '3 नाण्यांवर' लिहिले, तर 3 उडी मारून शब्दाच्या डावीकडे जातो आणि 'नाण्यांवर' उजवीकडे एकटा राहतो. तोच आकडा देवनागरीत ३ असा लिहिला तर जागेवरून हलत नाही. देवनागरी अंकांना देवनागरी अक्षरांसारखीच पक्की दिशा दिलेली आहे, इंग्रजी अंकांना तशी नाही.

आता ओळ उलटी दिसली की आपल्याकडचा पहिला उपाय म्हणजे शब्द उचलून हाताने जागा बदलणे. हे करू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. तसे केल्यावर लॅपटॉपवर ओळ बरोबर दिसेल, पण साठवलेला क्रम आता खरोखरच चुकीचा झालेला असेल. मोबाईलच्या अरुंद पडद्यावर ओळ मधेच तुटली की उलटा क्रम उघडा पडतो, कारण दिशेची मांडणी प्रत्येक ओळीपुरती स्वतंत्र होते आणि आधी साठवलेला शब्द वरच्या ओळीत जातो. अंध वाचकांसाठी मजकूर मोठ्याने वाचणारी साधनेही साठवलेल्या क्रमानेच जातात.

म्हणून आधी तपासावे. मजकुराची एक प्रत करून प्रत्येक स्वल्पविरामाच्या जागी एंटर दाबावे, म्हणजे प्रत्येक शब्द वेगळ्या ओळीत जाईल. वरून खाली महाराजस, त्रतरस, मेनंद्रस असे आले, तर साठवण बरोबर आहे आणि दोष फक्त दिसण्याचा आहे. ज्या फोनमध्ये खरोष्ठीचा फाँट नाही तिथे अक्षरांऐवजी नुसते चौकोन दिसतात आणि जागा बदललेली कळतच नाही. तपासणी नोटो सान्स खरोष्ठीसारखा फाँट असलेल्या संगणकावर करावी.

दिसण्याचा दोष काढायचा तर प्रत्येक शब्द स्वतंत्र आहे हे संगणकाला सांगावे लागते. वेबपानावर त्यासाठी `bdi` नावाची खूण आहे:

```
<bdi>𐨨𐨱𐨪𐨗𐨯</bdi>, <bdi>𐨟𐨿𐨪𐨟𐨪𐨯</bdi>, <bdi>𐨨𐨅𐨣𐨎𐨡𐨿𐨪𐨯</bdi>
```

या खुणेच्या आतला शब्द उजवीकडूनच वाचला जातो, पण त्याचा बाहेरच्या स्वल्पविरामावर किंवा आकड्यावर परिणाम होत नाही. तिन्ही शब्द मराठी यादीच्या क्रमाने डावीकडून लागतात. जिथे अशी खूण देता येत नाही, जसे की वर्डची फाईल, तिथे प्रत्येक खरोष्ठी शब्दानंतर लगेच, स्वल्पविरामाच्या आधी, `U+200E` हे अदृश्य अक्षर घालता येते. वर्डमध्ये `200E` टाईप करून `Alt+X` दाबले की ते बसते. ते दिसत नाही, पण डावीकडून जाणाऱ्या अक्षरासारखे वागते, त्यामुळे स्वल्पविरामाला एका बाजूला खरोष्ठीऐवजी हा शेजारी मिळतो आणि तो मराठीकडे येतो. अडचण एवढीच की मजकूर संपादित करताना ते नकळत पुसले जाऊ शकते, आणि शब्दाला चिकटून कॉपी झाले तर काही ठिकाणी शोध घेताना तो शब्द सापडत नाही. वेबपानासाठी म्हणूनच `bdi` बरी.

यादी न करता नाण्यावरचे पूर्ण वाक्य द्यायचे असेल, तर तिन्ही शब्द स्वल्पविरामाशिवाय एकाच `bdi` मध्ये ठेवावेत आणि ते उजवीकडून वाचायचे आहे हे शेजारी मराठीत लिहावे. बॅनर किंवा पाटीसाठी एकच शब्द हवा असेल तर तो यादीतून न उचलता एकट्या ओळीत ठेवून घ्यावा. सोबत मेनंद्रस हे मराठी लेखनही ठेवावे, म्हणजे छापखान्यातल्या माणसालाही अक्षरे मोजून पडताळता येईल: मे, नं, द्र, स, उजवीकडून सुरुवात.