धडधड आधी की भीती आधी?

पॅनिक अटॅकचे बरेच रुग्ण मानसोपचारापर्यंत पोहोचतात ते हृदयरोगतज्ज्ञांकडून. ईसीजी नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल, पण धडधड खरीच. सीबीटी या उपचारपद्धतीत अशा रुग्णाला एक कोरा तक्ता देतात. झटका ओसरल्यावर, पण त्याच दिवशी तो भरायचा.

समजा, ठाण्याहून दादरला लोकलने जाणारी एक बाई आहे. 'कशामुळे झालं' या रकान्यात ती लिहिते, 'गर्दी.' थेरपिस्ट तिला जरा मागे नेतात. त्याआधी काय झालं होतं? उपाशीपोटी दोन कप चहा, मग गाडी चुकू नये म्हणून जिना धावत चढणं. छाती धडधडली आणि मनात आलं, 'हार्ट अटॅक येतोय.' त्या क्षणी हे तिला ९० टक्के खरं वाटलं होतं. म्हणजे गर्दी निमित्तमात्र. ठिणगी पडली ती धडधडीच्या अर्थामुळे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये हीच मांडणी केली: शरीरातल्या साध्या बदलाचा भयंकर अर्थ लावला की भीती वाढते, भीतीने धडधड वाढते आणि तो अर्थ आणखीच खरा वाटू लागतो.

पुढचे रकाने पुराव्याचे. बाजूने: धडधड, हाताला मुंग्या. विरुद्ध: तपासण्या नॉर्मल, आधीचे झटकेही आपोआप ओसरले, जिना धावत चढले होते. मग नवा विचार: 'धावल्यामुळे छाती धडधडली, घाबरून श्वास भरभर घेतला, म्हणून मुंग्या आल्या.' जुना विचार आता किती खरा वाटतो? ४० टक्के. इथे शून्य लिहिणारा रुग्ण बहुधा थेरपिस्टला खूश करत असतो.

मुंग्यांचं कारण खरंच श्वासात असतं. भरभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि चक्कर, मुंग्या सुरू होतात. त्यामुळे 'मोठ्ठा श्वास घे' हा घरच्यांचा सल्ला उलटा पडू शकतो. श्वास मोठा नव्हे, सावकाश हवा: नाकाने चार अंक मोजत आत, सहा मोजत बाहेर. सराव रोज पाचेक मिनिटं, मन शांत असताना.

मात्र यात एक खोच आहे. 'श्वास मोजला म्हणून वाचले' असं तक्त्यात वारंवार येऊ लागलं, तर श्वास ही नवी कुबडी झाली. मरण येतच नव्हतं, हे ती शिकलेलीच नसते. म्हणून पुढे थेरपिस्ट मुद्दाम काही न करता थांबायला सांगतात. झटका साधारण दहा मिनिटांत शिगेला पोहोचतो आणि उतरतो, हे तिने स्वतः पाहायचं असतं.

छातीतलं दुखणं पहिल्यांदाच होत असेल, हातात किंवा जबड्यात जात असेल किंवा शुद्ध हरपत असेल, तर तक्ता बाजूला ठेवा, आधी दवाखाना गाठा. तपासण्या झाल्यावर कुणाकडे जावं कळत नसेल, तर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. तिथे मराठीतही बोलता येतं.