‘एकदम लख्ख’ म्हणजे किती?

विक्रीच्या यादीत ‘७ वॉट, एकदम लख्ख प्रकाश, ६० वॉटच्या बल्बइतका’ असं लिहिलेलं असतं. यातला वॉट फक्त वीज किती खर्च होते ते सांगतो. उजेड मोजायचा तो ल्युमेनमध्ये. जुना ६० वॉटचा तारेचा बल्ब साधारण ७०० ते ८०० ल्युमेन देत असे. आता या ७ वॉटच्या एलईडी बल्बच्या खोक्यावर ५०० ल्युमेन छापलेले असतील, तर तो जुन्या ४० वॉटच्या जवळचा. ६०चा दावा तिथेच खोटा ठरतो. म्हणून यादीत आधी ल्युमेन लिहावेत आणि ‘इतक्या वॉटसारखा’ हे त्यावरून काढावं, उलट नाही.

‘पांढरा’ हा शब्दही फसवाच. २७०० केल्विनचा प्रकाश पिवळसर, ६५०० केल्विनचा निळसर पांढरा. आकडा वाढला की प्रकाश ‘थंड’ दिसतो, आणि इथे बरेच जण उलटं समजतात. केल्विनचा उजेडाच्या प्रमाणाशी संबंध नाही.

माल परत येण्याचं एक साधं कारण म्हणजे बल्बची टोपी. आपल्याकडच्या घरांत बहुधा दोन खिळ्यांचा बी२२ होल्डर असतो, तर टेबललॅम्पला अनेकदा आट्यांचा ई२७. एकाचा बल्ब दुसऱ्यात बसत नाही.

तीच नोंद मग अशी होते: ‘एलईडी बल्ब, ५०० ल्युमेन, ७ वॉट (जुन्या ४० वॉटसारखा), २७०० केल्विन पिवळसर, बी२२ टोपी.’