फोटोवरून जिवाणूंच्या वसाहती मोजताना

पेट्री डिशचा फोटो झाकण न उघडता, डिश उलटी ठेवून, गडद कागदावर आणि बरोबर वरून काढलेला असावा. फ्लॅश बंदच ठेवावा, कारण त्याची चकाकी थेट वसाहतीसारखी गोल दिसते. फोटोवर चार भाग पाडून मोजलेल्या प्रत्येक वसाहतीवर रंगीत ठिपका दिला, की तीच दुसऱ्यांदा मोजली जात नाही.

समजा, हजारपट विरळ केलेल्या दुधाचे ०.१ मिली अगारवर पसरले आणि ६४ वसाहती उगवल्या. ६४ ला आधी १० ने आणि मग १००० ने गुणले, की मूळ दुधात दर मिलीला सुमारे ६,४०,००० वसाहती होऊ शकणारे जिवाणू निघतात. साधारण ३० ते ३०० वसाहतींचीच डिश हिशेबात धरतात. त्याहून दाट डिशवर वसाहती एकमेकींत मिसळतात.

कापसासारखी तंतुमय, मधोमध हिरवट किंवा काळी पडलेली वाढ बुरशीची असते. ती जिवाणूंच्या संख्येत धरू नये, वेगळी नोंदवावी. नुसता रंग वेगळा असणे मात्र दूषितपणाचा पुरावा नव्हे, दुधात मुळातच अनेक जातींचे जिवाणू असतात. खरा निवाडा नमुना न टाकलेली डिश करते. तिच्यावरही तशाच वसाहती आल्या असतील, तर अगार, पिपेट किंवा हवेतून संसर्ग झालेला असतो आणि ती मोजणी रद्द धरावी लागते.