खाड्याचा हिशेब

दसरा झाला की बालाघाटाच्या डोंगररांगेतली गावं रिकामी व्हायला लागतात. बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतून ट्रक आणि ट्रॅक्टर निघतात. त्यांत भांडीकुंडी, कोपीचं साहित्य, शेळ्या, लेकरं आणि त्यांच्यामध्ये दाटीवाटीनं बसलेली माणसं असतात. पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांचा पट्टा पडला की मगच, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये, ती परततात. हे सगळं मराठी वाचकाला ठाऊक आहे. ‘कोयता’ या शब्दाकडे मात्र थोडं थांबून पाहायला हवं. ऊसतोडीत कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे. नवरा आणि बायको मिळून एक कोयता होतो. उचल कोयत्याला मिळते आणि टनाचा हिशेबही कोयत्यावरच होतो. त्या जोडीतल्या बाईचं नाव बहुतेकदा वेगळं कुठे लिहिलंच जात नाही.

जर्मन समाजशास्त्रज्ञ उलरिश बेक यांचं ‘जोखीम समाज’ ही कल्पना मांडणारं पुस्तक 1986 साली आलं. त्याच वर्षी चेर्नोबिलचा स्फोट झाला. आधुनिक उद्योग संपत्तीबरोबर धोकेही निर्माण करतात, आणि हे नवे धोके श्रीमंत-गरीब असा भेद पाळत नाहीत, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता. वरच्या थरात संपत्ती आणि खालच्या थरात धोके साचतात, हेही त्यांनी नाकारलं नव्हतं. पण त्यांचं खरं उपयोगी निरीक्षण वेगळंच आहे. व्यवस्थेनं निर्माण केलेला धोका निस्तरायची जबाबदारी शेवटी एकट्या माणसावर येते, आणि तोही ती आपला वैयक्तिक निर्णय म्हणून स्वीकारतो. बीडमध्ये हा निर्णय बाईच्या पोटापर्यंत गेला.

तो कसा गेला, ते एका कोयत्याच्या हिशेबात दिसतं. समजा, एका जोडप्यानं मुकादमाकडून एक लाखाची उचल घेतली. जानेवारी 2024 मध्ये तोडणीचा दर टनाला 273 रुपयांवरून 366 रुपये झाला. या वाढीव दरानंही एक लाख फेडायला सुमारे 273 टन ऊस तोडावा लागतो. जोडी रोज दोन टन तोडते असं धरलं, तर एकही दिवस न चुकता 137 दिवस काम करावं लागेल. हंगाम असतो साधारण पाच महिन्यांचा. म्हणजे आजारपणाला, बाळंतपणाला किंवा पाळीला या हिशेबात जागाच उरत नाही. उरलेली ‘बाकी’ पुढच्या वर्षीच्या उचलीत चढते.

त्यातून कामावर गैरहजर राहिलं तर खाडा पडतो. खाड्याचा दंड अनेक ठिकाणी दिवसाला 500 रुपये सांगितला जातो. पाळीचे चार दिवस घरी राहायचं म्हटलं, तर पाच महिन्यांचे वीस दिवस होतात आणि दंडच दहा हजारांवर जातो. बुडालेली मजुरी वेगळी. त्यामुळे घरी कोणी राहत नाही.

दिवस पहाटे सुरू होतो. ऊस तोडायचा, साळायचा, मोळ्या बांधायच्या, आणि डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढायचं. गाडी रात्री आली तर भरणीही रात्रीच. फडाशेजारच्या कोपीला दार नसतं, न्हाणीघर नसतं, बऱ्याच ठिकाणी संडासही नसतो. पाळीचं कापड धुवायला आणि उन्हात वाळवायला पाणी आणि आडोसा दोन्ही मिळत नाहीत. अंगावरून पांढरं जाणं, खाज, ओटीपोटात दुखणं अशा तक्रारी सुरू होतात. लग्न कमी वयात झालेलं, दोन-तीन मुलं झालेली आणि नसबंदीही उरकलेली. अशी तिशीच्या आतबाहेरची बाई हंगामावरून परतल्यावर दवाखान्यात जाते. तिथे ‘पिशवी खराब झालीय, पुढे कॅन्सर होईल’ एवढं ऐकलं की ती घाबरते. पिशवी काढली की पाळीही जाईल आणि खाडाही टळेल, हा विचार त्यात मिसळतो. ऑपरेशनचे पैसे पुन्हा उचलीतूनच येतात.

वैद्यकाच्या दृष्टीनं यातला घोटाळा उघड आहे. अंगावरून पांढरं जाणं हे गर्भाशय काढण्याचं कारण नव्हे. संसर्ग असेल तर तपासणी करून औषधं द्यायची असतात. गर्भाशयमुखाची चाचणी आणि सोनोग्राफी आधी करायची असते. मोठ्या गाठी, औषधांना न जुमानणारा रक्तस्राव, अंग बाहेर येणं किंवा कर्करोग यांत शस्त्रक्रिया गरजेची असू शकते, आणि तिथे ती जीवही वाचवते. पण तरुण वयात गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढलं, तर रजोनिवृत्ती एकदम येते. अंगातून वाफा निघतात, झोप उडते, हाडं ठिसूळ व्हायला लागतात. कंबर आणि सांधे दुखणारी ही बाई पुढच्या दसऱ्याला पुन्हा फडावर जाते.

2019 च्या उन्हाळ्यात ही बाब वर्तमानपत्रांतून गाजली. त्या जूनमध्ये विधिमंडळात सरकारनं आकडा दिला: बीड जिल्ह्यातल्या 99 खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत 4,605 गर्भाशयं काढली गेली होती. मग विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्यासमोर आलेल्या सर्वेक्षणात 82,309 ऊसतोड महिलांची माहिती होती, आणि त्यांतल्या 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं होतं.

हा आकडा जपून वाचायला हवा. तो सगळ्या बीडच्या बायकांचा नव्हे, फक्त ऊसतोड करणाऱ्यांचा आहे. वयोगट जुळत नसल्यानं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीशी त्याची थेट तुलनाही करता येत नाही. पण त्या पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे, आणि इथे ते जवळजवळ सतरा टक्के भरतं. वयाच्या फरकानं एवढी मोठी तफावत भरून निघेल असं मानणं अवघड आहे.

त्यानंतर प्रशासनानं खासगी रुग्णालयांना या शस्त्रक्रियेसाठी सरकारी परवानगी घेणं बंधनकारक केलं, आणि हंगामाआधी व नंतर आरोग्य तपासणी करायचं ठरलं. या उपायांनी डॉक्टरांवर लगाम आला आणि तो यायलाच हवा होता. पण सगळा राग एकट्या डॉक्टरवर काढला की मूळचा वाद झाकला जातो. तो वाद जुना आहे: या बाईचा मालक कोण? कारखाना म्हणतो, आमचा करार वाहतूकदाराशी आणि मुकादमाशी. मुकादम म्हणतो, मी मधला माणूस, माझं कमिशन ठरलेलं. दरवाढीची बोलणी राज्याच्या पातळीवर होतात, त्यात टनाचा भाव आणि मुकादमाचं कमिशन ठरतं. पाळीची रजा, बाळंतपण आणि खाड्याचा दंड कोणाच्या खात्यावर टाकायचा, हे मात्र तिथे ठरत नाही.

धोक्याची ही उतरंड आहे. बाजारभाव पडला तर कारखाना त्याची झळ मजुरीवर ढकलतो, मजूर पळून गेला तर नुकसान नको म्हणून मुकादम उचलीचा फास आवळतो, आणि जोडीतला नवरा तो भार कोयत्याच्या दुसऱ्या पात्यावर टाकतो. अवर्षणाचा धोकाही इथूनच सुरू होतो. पर्जन्यछायेतल्या कोरडवाहू शेतीत वर्षभराचं पोट भरत नाही, म्हणून ही बाई मुळात गाडीत बसते.

आता फडांवर ऊसतोडणी यंत्रंही दिसू लागली आहेत. हंगामाअखेर बाकी राहिलेल्या कोयत्याला पुढच्या वर्षी टोळीत घेतलं जाईल की नाही, ही शंका त्यांनी वाढवली आहे. उचल फिटलेली नाही आणि तोडायला फडही नाही, अशा वर्षी काय करायचं, हा प्रश्न गावागावात विचारला जातो. वडवणीच्या बाजूच्या वस्त्यांवर एप्रिलमध्ये परतलेल्या बायका एकमेकींना आधी विचारतात, किती बाकी राहिली. आणि मग आवाज खाली आणून, तुझी पिशवी आहे का गं अजून.