क्लेम नाकारला? पत्रातलं ‘माहिती लपवली’ हे कारण नीट वाचा

समजा, खोपटमधल्या एका कुटुंबाची आरोग्य विमा पॉलिसी मे २०१९ पासून सलग सुरू आहे. जानेवारी २०२५ मध्ये त्यांचा क्लेम नाकारला जातो. पत्रात कारण असतं, ‘नॉन-डिस्क्लोजर’. म्हणजे पॉलिसी घेताना मधुमेह असल्याचं सांगितलं नाही.

अशा वेळी पत्रातला कलम क्रमांक पॉलिसीच्या पुस्तिकेत शोधा आणि शेजारचं ‘मोरेटोरियम’ कलमही वाचा. एप्रिल २०२४ पासूनच्या आयआरडीएआयच्या नियमानुसार, सलग ६० महिने पूर्ण झाल्यावर या कारणाने क्लेम नाकारता येत नाही. अपवाद सिद्ध झालेल्या फसवणुकीचा. इथे ६८ महिने झालेत, म्हणजे अपिलाला आधार आहे.

मात्र मध्ये विमा रक्कम वाढवली असेल, तर वाढीव रकमेचे ६० महिने वेगळे मोजतात. पॉलिसीत मुळातच वगळलेल्या उपचारांनाही हे संरक्षण नाही.

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवा. सोबत सर्व वर्षांच्या नूतनीकरणाच्या प्रती जोडा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षभराच्या आत विमा लोकपालांकडे विनाशुल्क तक्रार करता येते. त्यांचं कार्यालय ठाण्यातही आहे.