शंभर पोकळ लिंक की एक भरीव?

सावंतवाडीतल्या लाकडी खेळण्यांच्या एका कारागिराने स्वतःची वेबसाइट काढली आहे, असं समजू. एका वृत्तपत्राने त्याच्यावर लेख लिहिला आणि त्या लेखात साइटची लिंक दिली. मग कोणीतरी त्याला सांगतं, ‘पैसे द्या, शंभर ठिकाणांहून लिंक लावून देतो, गूगलवर वर याल.’ ती एक लिंक मोलाची की या शंभर? यासाठी थोडा हिशेब मांडावा लागेल.

लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात ‘पेजरँक’ची रीत मांडली. पान ज्या इतर पानांना लिंक देतं, त्यांच्यात आपलं वजन समान वाटून टाकतं. वाटलेल्या वजनातलं ८५ टक्के पुढे पोहोचतं. शिवाय प्रत्येक पानाला, त्याची दखल कोणी घेतलेली नसली तरी, ०.१५ इतकं वजन फुकट मिळतं. वृत्तपत्राच्या पानाचं वजन ४० आहे आणि त्यावर दहा लिंक आहेत असं धरा. एका लिंकच्या वाट्याला ४ येतात आणि त्यातले ३.४ कारागिराला मिळतात.

आता विकतच्या लिंक पाहू. शंभर रिकामी पानं तयार केली आणि प्रत्येकावर फक्त या एका साइटची लिंक ठेवली, तर प्रत्येक पान ०.१५ च्या ८५ टक्के, म्हणजे ०.१२७५ पुढे देतं. शंभर पानांचे झाले १२.७५. वृत्तपत्राच्या लिंकपेक्षा जवळपास चौपट! दर्जा मोजायला काढलेली रीत संख्येपुढे हरली. हरली ती त्या फुकटच्या ०.१५ मुळे, कारण पानं कितीही बनवता येतात आणि प्रत्येक नवं पान थोडं वजन घेऊनच जन्माला येतं. लिंकांचा बाजार उभा राहिला तो याच फटीवर.

ही फट बुजवण्याचा सर्वांत नेटका विचार २००४ मध्ये स्टॅनफर्ड आणि याहूच्या संशोधकांनी ‘ट्रस्टरँक’ या नावाने मांडला. त्यांनी फुकटचं वजन सगळ्यांना देणंच बंद केलं. माणसांनी तपासून निवडलेल्या मोजक्या विश्वासार्ह साइटनाच ते द्यायचं आणि तिथून लिंकांच्या वाटेने झिरपू द्यायचं, पावलागणिक थोडं कमी करत. वरचा हिशेब असा पुन्हा केला, की शंभर रिकाम्या पानांकडे देण्यासारखं काहीच उरत नाही. शंभर गुणिले शून्य. वृत्तपत्राच्या पानापर्यंत मात्र निवडलेल्या साइटपासून वाट पोहोचत असेल, तर त्याची लिंक वजन देतच राहते. या रीतीची उणीवही तिच्यातच आहे. मुळात निवडलेल्या साइट एकाच भाषेच्या किंवा विषयाच्या असतील, तर दूरच्या कोपऱ्यातल्या प्रामाणिक साइटपर्यंत विश्वास पोहोचतच नाही. मराठी साइटवाल्यांना हे विशेष कळेल.

गूगलची आजची क्रमवारी यापेक्षा कितीतरी गुंतागुंतीची आहे. पण बनावट लिंकांबाबतची तिची दिशा स्पष्ट दिसते. २४ एप्रिल २०१२ ला गूगलने ‘पेंग्विन’ हा बदल आणला आणि विकतच्या लिंकांवर वर आलेल्या साइट एकदम खाली गेल्या. लोक घाबरून लिंका छाटू लागले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नको असलेल्या लिंक नाकारण्याची सोय आली. त्यासाठी साधी मजकूर-फाइल चढवायची असते, आणि तिच्यात अशा ओळी असतात:

```
# विकत घेतलेल्या लिंक
domain:example.com
```

एका ओळीत त्या साइटवरून येणारी प्रत्येक लिंक बाद होते. आणि गफलत होते ती नेमकी इथेच. बाहेरची साधनं प्रत्येक लिंकला ‘विषारी’ असल्याचे गुण देतात. त्यावर विसंबून एखाद्या लहानशा, ओबडधोबड दिसणाऱ्या पण खऱ्या प्रवास-ब्लॉगचं नाव फाइलमध्ये जातं आणि मिळत असलेलं वजन आपल्याच हाताने घालवलं जातं. सप्टेंबर २०१६ पासून पेंग्विन बनावट लिंकांसाठी साइटला खाली ढकलण्याऐवजी मुख्यतः त्यांचं वजनच धरत नाही. जे आधीच शून्य मोजलं जातंय, ते छाटून हाती काय लागणार?

तेव्हा फाइल बनवण्याआधी Search Console मध्ये Links हा अहवाल उघडा. लिंकवर कोणते शब्द आहेत ते तिथे पाहा. खऱ्या लिंकांवरचे शब्द वेगवेगळे असतात: कुठे कारागिराचं नाव, कुठे गावाचं, कुठे नुसता पत्ता. शेकडो अनोळखी साइटवर ‘स्वस्त लाकडी खेळणी’ हेच शब्द जसेच्या तसे दिसले, तर त्या लावून घेतलेल्या आहेत. मग Manual actions हे पान पाहा. तिथे अनैसर्गिक लिंकांबद्दल नोटीस असेल, किंवा स्वतःच लिंक विकत घेतल्यामुळे ती येण्याची चिन्हं असतील, तर आधी त्या साइटवाल्यांना लिंक काढायला सांगा आणि जे दाद देत नाहीत तेवढ्यांचीच नावं फाइलमध्ये घाला. यातलं काहीच नसेल, तर कात्रीला हात लावू नका.